यादीला क्रियापद नको, वाक्याला हवं

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या मराठी नियमावलीतलं कलम ७ असं छापलंय –

कार्यकारी मंडळाने दरवर्षी वार्षिक सभेपूर्वी
(अ) मागील वर्षाचा जमाखर्च व ताळेबंद हिशेबतपासनिसांकडून तपासून घेऊन,
(आ) गहाळ व फाटलेल्या पुस्तकांची यादी, तसेच ज्या सभासदांकडे तीन महिन्यांहून अधिक काळ पुस्तके थकीत आहेत,
(इ) नवीन पुस्तकांसाठी मंजूर रकमेपैकी झालेला खर्च,
(ई) इमारत दुरुस्ती, वीजबिल, घरपट्टी याबाबतची माहिती.

मला हे वाक्य अर्धवट वाटतं. अध्यक्ष म्हणतात, ही यादी आहे, यादीला क्रियापद कशाला? सभेत यावरून वाद झाला. कोणाचं बरोबर? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे. अध्यक्षांच्या म्हणण्यातही एक खरी गोष्ट आहे, ती आधी घेतो.

मराठीत क्रियापदावाचून वाक्य चालतं. ‘हे आमचे मास्तर’ म्हटलं की बोलणं पुरं झालं. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीतही क्रियापद नाही. शेजारच्या कन्नडमध्ये तर ‘अवरु नम्म मास्तरु’ हेच नेहमीचं, पुरं वाक्य. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात दोन्ही भाषा घरात नांदतात, त्यामुळे क्रियापद नसलेलं वाक्य आपल्या कानाला मुळीच खटकत नाही. पण या वाक्यांत गळलेलं क्रियापद कोणतं ते पाहा. ते ‘आहे’ आहे. ऐकणारा ते आपणहून भरतो आणि सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो. दुसरी सूट मिळते ती क्रियापद शेजारीच येऊन गेलं असेल तेव्हा. ‘थोरल्याने पाणी आणलं, धाकट्याने लाकडं’ यात धाकट्यानेही ‘आणलीच’, हे सांगावं लागत नाही.

तुमच्या कलमात या दोन्हींपैकी काहीच नाही. ‘मंडळाने’ या शब्दाला ‘आहे’ जोडून पाहा, जुळत नाही. त्यातला ‘ने’ कुणीतरी काहीतरी करण्याची अपेक्षा ठेवतो. नियमावलीत ते ‘करावे, ठेवावे, मांडावे’ असंच काहीतरी असणार. नेमकं काय, ते मात्र ऐकणाऱ्याला आपल्या मनाने भरता येत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात वेगळा शब्द येतो. तुमच्या सभेत नेमकं हेच झालं असणार. एकाने ‘सभेपुढे मांडावी’ असं भरलं, दुसऱ्याने ‘तयार ठेवावी’, तिसऱ्याने ‘सूचनाफलकावर लावावी’. पहिल्या वाचनात थकबाकीदारांची नावं सभेत वाचावी लागतात. दुसऱ्यात ती कपाटात राहिली तरी नियम पाळला गेला. क्रियापद गेलं तेव्हा मंडळाचं कामच कलमातून गेलं, म्हणून मी याला शुद्धलेखनाची चूक म्हणत नाही.

आता हे घडतं कसं ते सांगतो, कारण अशी कलमं मी पतसंस्थांच्या, मंदिर समित्यांच्या आणि शिक्षण मंडळांच्या कागदांत सतत पाहतो. मराठीत मुख्य क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं. इंग्रजी मसुद्यात ‘मंडळाने मांडावे’ एवढं सुरुवातीलाच सांगून होतं आणि मग (अ), (आ), (इ) सुरू होतात. भाषांतर करणारा ‘मंडळाने’ लिहितो, क्रियापद शेवटी लिहायचं म्हणून हातात धरून ठेवतो आणि यादीत शिरतो. (ई) येईपर्यंत पान उलटलेलं असतं. त्याला शेवटचा मुद्दा संपलेला दिसतो, तो पूर्णविराम देतो, आणि हातातलं क्रियापद हातातच राहतं.

दुसरं एक कारण आहे, ते कुणी बोलून दाखवत नाही. ताळेबंद मांडावा, यादी मांडावी, हिशेब मांडावेत; मग चौघांना मिळून काय लिहायचं? मंडळाने मांडायच्या वस्तूंप्रमाणे क्रियापदाचं लिंग आणि वचन बदलतं. यादीत तिन्ही लिंगं एकत्र आली की लिहिणारा अडखळतो, आणि ‘याबाबतची माहिती’ असं म्हणून थांबतो. तुमच्या (ई) चा शेवट वाचून मला हाच संशय आला. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे यादीला एक समावेशक नाम द्यायचं. ‘पुढील कागदपत्रे’ म्हटलं की क्रियापद ‘मांडावीत’ ठरलं, खाली काहीही येवो. यादी संपल्यावर ‘हे सर्व सभेपुढे मांडावे’ असं लिहिलं तरी तेच काम होतं.

तुमच्या कलमाचा एकेक मुद्दा आता उघडून पाहू. त्यासाठी मी कागदाने बाकीचे मुद्दे झाकतो आणि वरचा ओघ व एकच मुद्दा सलग वाचतो. ‘मंडळाने दरवर्षी वार्षिक सभेपूर्वी जमाखर्च तपासून घेऊन’ – पुढे काय? ‘घेऊन’ हे रूप कधीच शेवटचं नसतं, ते पुढच्या क्रियेची वाट पाहतं. ‘असून’, ‘झाल्यास’ यांचंही तसंच. ओळीच्या शेवटी यांपैकी काही दिसलं आणि पुढे पूर्णविराम असला, तर तिथे वाक्य तुटलेलं आहे असं खुशाल समजावं. ‘सभा रविवारी होणार असून.’ असं छापलेलं मी पाहिलं आहे.

(आ) मध्ये वेगळी गोष्ट मोडली आहे. ‘ज्या सभासदांकडे पुस्तके थकीत आहेत’ इथे क्रियापद आहे, ‘आहेत’. त्यामुळे वरवर वाचणाऱ्याला वाक्य पुरं वाटतं. पण ते क्रियापद ‘ज्या’चं आहे, मंडळाचं नव्हे, आणि ‘ज्या’ची जोडी ‘त्यांची नावे’ कुठेच आलेली नाही. लांब कलमात क्रियापद शोधताना फसगत होते ती इथेच. म्हणून क्रियापद सापडलं की लगेच थांबू नये, ते कोणाचं आहे ते विचारावं. कन्नडमध्ये हा आशय सहसा सभासदाच्या आधी लागणाऱ्या एकाच विशेषणरूपात मावतो. मराठीतही तशी सोय आहे. ‘पुस्तके न परतवलेल्या सभासदांची यादी’ म्हटलं की ‘ज्या-त्या’ची जोडी सांभाळायची गरजच राहत नाही. लांब यादीत मी नेहमी हेच रूप वापरायला सांगतो.

(इ) आणि (ई) ही नुसती नामं आहेत, आणि यादीत तसं असायला हरकत नाही. हरकत आहे ती चारही मुद्दे चार तऱ्हांचे असण्याला. एक ‘घेऊन’वर संपतो, एक ‘आहेत’वर, एक ‘खर्च’वर, एक ‘माहिती’वर. त्यामुळे शेवटी कोणतंही एक क्रियापद लावलं तरी ते चौघांना पुरणार नाही. ‘मांडावी’ लावून पाहा : ‘तपासून घेऊन मांडावी’, ‘थकीत आहेत मांडावी’. म्हणजे नुसतं क्रियापद जोडून हे कलम दुरुस्त होत नाही, मुद्देही एका साच्यात आणावे लागतात.

हा साचा किती लांबपर्यंत तोलता येतो ते पाहायचं असेल तर संविधानाची उद्देशिका मराठीत म्हणून पाहा. आपल्या शाळांत ती मुलांना पाठ असते. ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणून सुरुवात होते. मग गणराज्य ‘घडविण्याचा’, नागरिकांस न्याय, स्वातंत्र्य, समानता ‘प्राप्त करून देण्याचा’, बंधुता ‘प्रवर्धित करण्याचा’. तीनही टप्पे ‘-ण्याचा’वर संपतात आणि तिघांना मिळून एकच शब्द धरतो, ‘निर्धार’. पण पुढे ‘करून’ आहे, म्हणजे वाक्य अजून उभं राहिलेलं नाही. इथे कुणी पूर्णविराम दिला असता तर उद्देशिका तुमच्या (अ) सारखी लटकली असती. ती पुढे जाते, २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख घेते आणि ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’ इथे टेकते. ‘आहोत’ म्हणताच सुरुवातीचा ‘आम्ही’ पुन्हा कानात येतो. क्रियापद शेवटी ठेवून एवढी लांब यादी पेलता येते, पण त्यासाठी प्रत्येक टप्प्याचा शेवट असा मोजून घ्यावा लागतो.

वाचनालयाच्या नियमावलीत एवढी कसरत करण्याची गरज नाही. मी तिथे वाक्य आधी पुरं करतो, मग यादी देतो :

कार्यकारी मंडळाने दरवर्षी पुढील कागदपत्रे वार्षिक सभेपुढे मांडावीत :
(अ) हिशेबतपासनिसांनी तपासलेला मागील वर्षाचा जमाखर्च व ताळेबंद;
(आ) गहाळ व फाटलेल्या पुस्तकांची यादी;
(इ) तीन महिन्यांहून अधिक काळ पुस्तके न परतवलेल्या सभासदांची यादी;
(ई) नवीन पुस्तकांसाठी मंजूर रकमेतून झालेल्या खर्चाचा तपशील;
(उ) इमारत दुरुस्ती, वीजबिल व घरपट्टी यांच्या खर्चाचा तपशील.

इथे यादीत एकही मुख्य क्रियापद नाही, तरी काही अडत नाही, कारण वाक्य ‘मांडावीत’पाशीच संपलं. अध्यक्षांचं म्हणणं अशा मांडणीला तंतोतंत लागू पडतं. जुन्या (आ) मध्ये दोन याद्या गुंतल्या होत्या, म्हणून मुद्दे चाराचे पाच झाले.

मात्र हा मसुदा असाच उचलू नका. ‘मांडावीत’ हा शब्द मी घातला आहे आणि त्यासाठी तुमच्या कलमातला ‘सभेपूर्वी’ बदलून ‘सभेपुढे’ केला आहे. मूळ शब्द ‘सभेपूर्वी’ हाच असेल, तर गळलेलं क्रियापद ‘तयार करावीत’ किंवा ‘फलकावर लावावीत’ असण्याचा संभव अधिक. मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते मराठी प्रतीवरून ठरवता येणार नाही. नोंदणीच्या वेळी दिलेली प्रत कन्नडमध्ये असेल तर ती काढा. कन्नडही मराठीसारखीच क्रियापद टोकाला ठेवते, आणि तिथल्या नियमांच्या भाषेत ते बहुधा ‘-तक्कद्दु’वर संपतं, म्हणजे आपलं ‘-वे, -वीत’. कलम ७ ची शेवटची ओळ तेवढी वाचा. तिथे ‘मंडिसतक्कद्दु’ असेल तर सभेपुढे मांडायचं आहे, ‘सिद्धपडिसतक्कद्दु’ असेल तर तयार करायचं आहे. तिथेही काही नसेल, तर क्रियापद कोणतं हे सभेनेच ठरवायचं, आणि तो छपाईतल्या चुकीची दुरुस्ती न राहता नियमातला बदल होतो. मग तो सभेत मंजूर करून निबंधकांकडे नोंदवावा लागेल.