मॅडमच्या रजेच्या काळातलं अधिकारपत्र: मसुद्याबद्दल एक पत्र

प्रिय,

मसुदा वाचला. तुमच्या परचेस मॅनेजर मॅडम 26 आठवड्यांच्या रजेवर जाणार, त्या काळात मंजुरीचे अधिकार डेप्युटी मॅनेजरकडे द्यायचे, आणि त्यासाठीचा फॉर्म लिहायचं काम तुझ्याकडे आलं आहे. तू लिहिलेलं मुख्य वाक्य असं आहे: "माझ्या रजेच्या काळात खरेदी विभागाचे सर्व आर्थिक व्यवहार डेप्युटी मॅनेजर 3 लाखांपर्यंत मंजूर करतील." हे वाचून ऑफिसातल्या कुणालाही अर्थ कळेल. पण ऑक्टोबरमध्ये अंधेरीच्या ऑफिसात अकाउंट्सचा एखादा माणूस बिल हातात घेऊन बसेल आणि हे पास करायचं की परत पाठवायचं असा प्रश्न त्याला पडेल, तेव्हा हे वाक्य त्याला काहीच सांगणार नाही. प्रत्येक ओळ त्या माणसासाठी लिही.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट तपास. मॅडमकडे 5 लाखांचा अधिकार आला कुठून? कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या अधिकारांच्या तक्त्यातून, ज्याला तुम्ही सगळे डीओए म्हणता. हा अधिकार तात्पुरता दुसऱ्याकडे देता येतो का आणि कुणाच्या सहीने, हे त्या तक्त्यात किंवा त्याच्या टिपांमध्ये शोध. आपल्याकडे सोपवलेलं काम परस्पर तिसऱ्याकडे सोपवता येत नाही, हे 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 190 मधलं मूळ तत्त्व आहे. तक्त्यात परवानगी नसेल, तर मॅडमच्या सहीचं पत्र पुरेसं नाही. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडून किंवा मंडळाकडून मंजुरी आणावी लागेल. म्हणून फॉर्मची पहिली ओळ तक्त्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि नेमकी नोंद यांची असू दे.

आता मुदत. तू फक्त "रजेच्या काळात" असं लिहिलं आहेस. रजा वाढते, कधी आधी संपते, कधी कुणी अर्धा दिवस येऊन जातं. रजा 1 जून 2026 ला सुरू होत असेल तर 182 दिवस 29 नोव्हेंबरला संपतात. मग असं लिही: "हा अधिकार 1 जून 2026 पासून 29 नोव्हेंबर 2026 पर्यंत, किंवा मॅनेजर लेखी सूचना देऊन कामावर रुजू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत राहील. मुदत वाढवायची असल्यास नवीन फॉर्म लागेल." त्याच्या खालीच आणखी एक वाक्य हवं: "या काळात मॅनेजरचा मंजुरीचा अधिकार स्थगित राहील." ते नसलं तर एकाच वेळी दोन माणसं सही करू शकतात, आणि मॅडमना बाळंतपणात फोन करून "फक्त एवढं मंजूर करा ना" म्हणायची वाट मोकळी राहते. रजेचं कारण मात्र फॉर्मवर लिहू नकोस. हा कागद अकाउंट्स, आयटी, ऑडिटर अशा कितीतरी हातांतून फिरतो. "मंजूर रजा" एवढं पुरे.

सगळ्यात जास्त घोळ रकमेच्या ओळीत होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

डेप्युटीची स्वतःची मर्यादा 1 लाख आहे आणि फॉर्म 3 लाख म्हणतो. मग एकूण किती, 3 की 4? वाचणारा आपापल्या सोयीने ठरवेल. म्हणून लिही, "या काळात एकूण मर्यादा प्रति व्यवहार 3,00,000 रुपये राहील, मूळ 1,00,000 रुपयांची मर्यादा यातच धरली आहे." पुढचा प्रश्न जीएसटीचा. 2,75,000 रुपयांच्या मालावर 18 टक्के म्हणजे 49,500 रुपये कर, एकूण 3,24,500. मूळ किमतीने पाहिलं तर मर्यादेत, करासह पाहिलं तर बाहेर. करासहित मर्यादा असेल तर 18 टक्क्यांच्या मालाची मूळ किंमत साधारण 2,54,237 रुपयांच्या वर जाता कामा नये. यांतलं काय धरायचं हे तू ठरवायचं नाही. डीओएमध्ये जे असेल तेच शब्द उचल, आणि तिथेही स्पष्ट नसेल तर फायनान्सकडून लेखी विचारून घे.

मग "व्यवहार" म्हणजे काय? एकाच व्हेंडरकडून एकाच कामासाठी आठवड्याच्या अंतराने 1,80,000 आणि 1,60,000 च्या दोन पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, निघाल्या, तर प्रत्येक मर्यादेत बसते, पण गरज 3,40,000 ची होती. कुणाच्या मनात वाईट हेतू नसतानाही हे होतं, कारण वर मंजुरीला पाठवलं की चार दिवस जातात. फॉर्ममध्ये असं म्हण: "एकाच गरजेसाठी 30 दिवसांत एकाच व्हेंडरला दिलेल्या सर्व पीओंची बेरीज एक व्यवहार धरली जाईल. पीओत दुरुस्ती केल्यास सुधारित पूर्ण रक्कम मोजली जाईल, फक्त वाढ नव्हे." दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. 2,80,000 च्या पीओत 40,000 ची वाढ डेप्युटीला किरकोळ वाटेल, पण पीओ आता 3,20,000 ची झालेली असते.

आणि तुझ्या मसुद्यात अजिबात नसलेली बाब: आधीच चालू असलेली कामं. मॅडमनी मे महिन्यात 4,10,000 ची पीओ स्वतःच्या अधिकारात मंजूर केली, माल जुलैत भिवंडीच्या गोदामात आला, बिल अकाउंट्सकडे पोहोचलं. ते पास कोण करणार? 3 लाखांची मर्यादा सरसकट लावली तर प्रत्येक जुनं बिल वरच्या साहेबांकडे जाईल आणि ढीग साचेल. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला पुरवठादार असेल, तर माल स्वीकारल्यापासून लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. खरेदी मंजूर करणं आणि बिल पास करणं या दोन गोष्टी म्हणून वेगळ्या लिही: "1 जूनपूर्वी सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या पीओवरील बिल, पीओचा दर आणि माल स्वीकारल्याची पावती यांच्याशी तंतोतंत जुळत असल्यास, डेप्युटी मॅनेजर पीओच्या पूर्ण रकमेपर्यंत पास करू शकतील. फरक असल्यास बिल वरिष्ठांकडे जाईल." सोबत 31 मे रोजी उघड्या असलेल्या पीओंची यादी जोड आणि तिच्यावर मॅडमची सही घे. ती यादी नसेल तर "1 जूनपूर्वी मंजूर" हे शब्द पडताळायचे कशावरून?

काय देत नाही, तेही शब्दांत यायला हवं. स्वतःचा प्रवासखर्च आणि स्वतः मागणी टाकलेली खरेदी डेप्युटी मंजूर करणार नाही. नवीन व्हेंडर नोंदवणं, ॲडव्हान्स देणं, दरकरार करणं आणि हा अधिकार पुढे आणखी कुणाला देणं, हे सगळं वगळ. डेप्युटी स्वतः आजारी पडला तर? तेव्हा अधिकार वर जाईल, बाजूला नाही. हे एका ओळीत लिहून टाक.

मुंबईत जून ते सप्टेंबरचा विचार वेगळा करावा लागतो. गोदामात पाणी शिरलं, पंप भाड्याने घ्यायचा आहे, माल उचलायला गाड्या हव्यात, अंदाज साडेतीन लाखांचा, आणि वरचे साहेब बंद पडलेल्या लोकलमध्ये. अशा वेळी माणसं आधी खर्च करतात आणि नंतर जुनी तारीख टाकून कागद रंगवतात, आणि ऑडिटमध्ये खर्चापेक्षा ती खोटी तारीखच आधी पकडली जाते. म्हणून तातडीची वाट फॉर्ममध्येच ठेव: "जीवित किंवा मालाच्या नुकसानीचा तात्काळ धोका असल्यास डेप्युटी मॅनेजर 4,00,000 रुपयांपर्यंत, वरिष्ठांची ऑफिसच्या ईमेलवर संमती घेऊन, खर्च मंजूर करू शकतील. कारणासह टिपण दोन कामाच्या दिवसांत द्यावे, त्यावर प्रत्यक्ष लिहिल्याची तारीख टाकावी." चार लाखांचा आकडा माझा आहे, तो साहेबांकडून ठरवून घे, पण रिकामा सोडू नकोस. दिवाळीच्या भेटवस्तूंची खरेदी या तातडीत येत नाही, ती ऑक्टोबरमध्येच वर पाठवून मोकळं व्हा.

सह्या चार हव्यात: देणाऱ्या मॅडम, स्वीकारणारा डेप्युटी, मंजूर करणारे वरिष्ठ, आणि फायनान्समध्ये कागद मिळाल्याची तारखेसह नोंद. स्वीकारणाऱ्याची सही औपचारिक समजू नकोस; मर्यादा माहीतच नव्हती असं नंतर म्हणता येऊ नये, यासाठी ती आहे. डेप्युटी मंजुरीवर स्वतःचं नाव लिहील आणि खाली "अधिकारपत्र क्र. अमुक नुसार" असं लिहील. मॅडमच्या नावाचा शिक्का, त्यांची डिजिटल सही किंवा ईआरपी या कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड, यांतलं काहीही त्याच्याकडे जायचं नाही. हे फॉर्ममध्ये लिही, कारण घाईत पहिला हात तिकडेच जातो.

आयटीला फॉर्मची प्रत देताना ईआरपीमध्ये सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा टाकायला सांग. फक्त सुरुवातीची टाकली तर डिसेंबरमध्येही डेप्युटीची मंजुरी चालत राहील आणि कुणाच्या लक्षात येणार नाही. चाचणी सर्व्हरवर 3,00,000 ची आणि 3,00,001 ची अशा दोन पीओ टाकून बघ. दुसरी आपोआप वरच्या साहेबांकडे गेली पाहिजे. दरकराराची आणि दुरुस्तीची पीओही टाकून बघ, तिथे मर्यादा बरेचदा लावलेली नसते.

बँकेचा विषय यात आणू नकोस. मॅडम खात्यावर सही करणाऱ्यांपैकी असतील तर तो बदल संचालक मंडळाच्या ठरावाने आणि बँकेच्या स्वतःच्या फॉर्मनेच होतो. तुझ्या कागदाकडे पाहून बँक कुणाचीही सही मानणार नाही. फॉर्ममध्ये "हा अधिकार बँक खाते चालवण्यास लागू नाही" एवढी ओळ टाक आणि ठरावाचं काम आत्ताच कंपनी सेक्रेटरींच्या कानावर घाल, कारण मंडळाची बैठक तुझ्या तारखेसाठी थांबणार नाही.

नेहमीच्या व्हेंडरांना जूनमध्ये कळवाल की पीओवर आता डेप्युटीची सही येईल. मग नोव्हेंबरच्या शेवटी, ती मुदत संपल्याचंही त्यांना कळवलं पाहिजे. करार कायद्याच्या कलम 208 प्रमाणे अधिकार संपल्याची बाब तिसऱ्या पक्षाला कळेपर्यंत त्याच्यापुरती ती लागू होत नाही. म्हणजे डिसेंबरमध्ये डेप्युटीने चुकून सही केलेली पीओ कंपनीच्या गळ्यात पडू शकते. दोन्ही पत्रांचा मजकूर आजच तयार करून फॉर्मला परिशिष्ट म्हणून जोड, आणि दुसरं पत्र पाठवायची जबाबदारी कुणाची, ते पदनाम लिहून ठेव.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा सोबत डीओएचं ते पान आणि उघड्या पीओंची यादीही पाठव.

कळावे.