नऊ लाखांतले हातात किती?

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

परवा दांडिया बाजारात भेटलास तेव्हा ऑफरमधल्या नऊ लाखांच्या सीटीसीला बाराने भागून महिन्याला पंच्याहत्तर हजार म्हणालास, आणि खोलीचं भाडंही त्यावरच ठरवलंस. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. मकरपुऱ्यात मी वीस वर्षं पगारपत्रकं काढली, म्हणून सांगते, सीटीसी म्हणजे पगार नव्हे. कंपनी तुझ्यावर वर्षाला किती खर्च धरते, तो आकडा.

तुझ्याच नऊ लाखांचं उदाहरण घे. समज, त्यात 1,10,000 व्हेरिएबल आहेत, म्हणजे कामगिरी बघून मिळतील किंवा मिळणार नाहीत असे. बेसिक महिना 37,500 असेल, तर कंपनीचा पीएफ बारा टक्क्यांनी वर्षाला 54,000. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 21,645. कायमच्या नोकरीत ती साधारण पाच वर्षं भरल्यावरच मिळते. विम्याचा हप्ता 12,355. हे सगळं वजा केलं की उरतात 7,02,000, म्हणजे महिना 58,500. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ 4,500 आणि गुजरातचा व्यवसाय कर 200 गेला, की खात्यात 53,800. नव्या करपद्धतीत एवढ्या पगाराला आयकर लागत नाही, म्हणून तो धरला नाही. पीएफ तुझाच आहे, पण भाडं त्यातून देता येत नाही.

आता घासाघीस. फोड न बघता तू दहा टक्के वाढवून मागितलेस आणि त्यांनी नव्वद हजार सगळे व्हेरिएबलमध्ये टाकले, तर सीटीसी 9,90,000 दिसेल आणि खात्यात तेच 53,800 येतील. असं मी डोळ्यांनी पाहिलंय, मुलं पेढे वाटून मोकळी होतात. म्हणून वाढ मागायची ती फिक्स्डवर.

आकड्यावर बोलण्याआधी रिक्रूटरला मेल कर, फोनवर नको. असं लिही:

"ऑफरबद्दल आभार. पुढे बोलण्यापूर्वी कृपया सीटीसीची मासिक आणि वार्षिक फोड पाठवावी: फिक्स्ड, व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि अंदाजे हातात येणारी रक्कम. पीएफ पूर्ण बेसिकवर कापता की 15,000 च्या मर्यादेवर, तेही कळवावे."

शेवटचा प्रश्न गाळू नकोस. मर्यादेवर कापला तर महिना 1,800 च जातात, हातात जास्त येतं, साठतं कमी.

व्हेरिएबलबद्दल मात्र वेगळं विचार: गेल्या दोन वर्षांत या पदाला किती टक्के मिळालं, तिमाहीला देतात की वर्षाला, आणि मध्येच नोकरी सोडली तर बुडतं का. "बहुतेक पूर्ण मिळतं" एवढंच उत्तर आलं, तर घरखर्चाच्या हिशेबात ते शून्य धर. जॉइनिंग बोनस सीटीसीत मिसळलाय का तेही बघ. तो पहिल्याच वर्षी येतो आणि लवकर सोडल्यास बहुधा परत मागतात.

"फोड ऑफर लेटरमध्ये दिसेलच" असं म्हणाले, तर होकार देऊ नकोस. ते कागद हाती येईपर्यंत आकडा बोलणं थांबव. फोड आली की मला पाठव, बाबांच्या कर्जाच्या हप्त्यासकट बसून मांडू.

तुझी मावशी