कर्नाटकातलं रजिस्ट्रेशन, सोलापुरातला अनुभव आणि पुण्यातला एचआर

"मॅडम, जीएनएम विजापूरला केलं, रजिस्ट्रेशन कर्नाटकचं आहे. काम मात्र सगळं सोलापुरात झालं. पुण्याच्या एका हॉस्पिटलच्या एचआरला व्हॉट्सअ‍ॅप केलं, 'स्टाफ नर्स, साडेसात वर्षं अनुभव, आयसीयू'. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. कर्नाटकचं रजिस्ट्रेशन आहे हे आधीच सांगितलं तर नाकारतील का? की मुलाखतीपर्यंत गप्प राहू?"

गप्प राहू नका. एचआर मेसेज उघडल्यावर आधी रजिस्ट्रेशनच बघते, कारण नेमणुकीपूर्वी ते कौन्सिलकडून पडताळून घ्यावं लागतं. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. दुसऱ्या राज्याची नोंदणी असेल तर मूळ कौन्सिलकडून ना-हरकत आणि पडताळणी घेऊन इथे अर्ज करायचा. दोन कार्यालयांमधला कागद असतो, त्यामुळे आठवडे जातात, कधी महिनेही. म्हणूनच हे लपवण्यात तोटा आहे. मुलाखत छान झाली आणि कागदपत्रांच्या टेबलावर कळलं की इथली नोंदणीच नाही, तर तुमची जागा दुसरीला जाते. आधी अर्ज करा आणि पावती हातात ठेवून मेसेज पाठवा.

हा सल्ला मी तिला फोनवरच दिला. भेटायला आली तेव्हा आम्ही तिची फाईल उघडली आणि साडेसात वर्षांचा हिशेब मांडला. ऑगस्ट २०१७ मध्ये ती कामाला लागली, पण रजिस्ट्रेशनची तारीख फेब्रुवारी २०१८. मधले सहा महिने ती 'ट्रेनी' होती. बहुतेक मोठी रुग्णालयं अनुभव रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून धरतात. त्यानंतर मार्च २०२० पर्यंत जनरल वॉर्ड, म्हणजे दोन वर्षं दोन महिने. एप्रिल २०२० ते जानेवारी २०२४ मेडिकल आयसीयू, तीन वर्षं दहा महिने. पुढचं जवळपास वर्ष बाळंतपण आणि बाळासाठी घरी. म्हणजे बेडसाइडचा खरा अनुभव सहा वर्षांचा, साडेसातचा नाही.

आकडा कमी झाल्यावर तिचा चेहरा उतरला. पण आयसीयूसाठी माणूस शोधणाऱ्याला हे तीन वर्षं दहा महिनेच हवे असतात, आणि तिच्या मेसेजमध्ये ते दिसतच नव्हते. आयसीयू किती बेडचं, एका शिफ्टला किती रुग्ण, व्हेंटिलेटर स्वतः सांभाळला का, सेंट्रल लाइनची काळजी घेतली का, यावरून नर्सिंग सुपरिंटेंडेंटला कळतं की ही बाई पहिल्या आठवड्यात काय करू शकेल.

अनुभवाच्या दाखल्यात मात्र फक्त 'स्टाफ नर्स म्हणून काम केले' एवढंच होतं, विभागाचं नाव नाही. तिला जुन्या मेट्रनकडे पाठवलं आणि विभाग व तारखांसह नवा दाखला मागायला सांगितलं. तो आठ दिवसांत मिळाला. आणखी एक गोष्ट फाईलमध्ये दिसली, आपल्याकडे लग्न झालेल्या सिस्टरांची ही नेहमीची अडचण: रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. पडताळणीत नावं जुळली नाहीत की फाईल बाजूला पडते. विवाह प्रमाणपत्राचा उल्लेख आधीच करून टाकायचा.

शेवटी तिने पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार मॅडम. मी जीएनएम, रजिस्टर्ड नर्स. कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिल, नोंदणी फेब्रुवारी २०१८, वैधता जानेवारी २०२८ पर्यंत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज केला आहे, पावती आहे. नोंदणीनंतरचा अनुभव सहा वर्षं: जनरल वॉर्ड २ वर्षं २ महिने, मेडिकल आयसीयू (१० बेड) ३ वर्षं १० महिने, शिफ्टला दोन रुग्ण, त्यात व्हेंटिलेटरवरचे. फेब्रुवारी २०२४ पासून बाळंतपणाचा खंड. रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने आहे, विवाह प्रमाणपत्र आहे. आयसीयूसाठी अर्ज करायचा आहे. बायोडाटा सोबत जोडते."

रजिस्ट्रेशन क्रमांक बायोडाटात दिला. आधार, पॅन आणि मूळ प्रमाणपत्रांचे फोटो पाठवू दिले नाहीत. ते हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवर, तेही निवड झाल्यावर. नोकरीसाठी 'प्रोसेसिंग फी' मागणारा हॉस्पिटलचा माणूस नसतो, एजंट असतो. तिथे मेसेज थांबवायचा.

संध्याकाळी एचआरचा फोन आला. पहिला प्रश्न होता, "कौन्सिलची पावती कधीची आहे?" दुसरा व्हेंटिलेटरबद्दल. खंडाबद्दल त्यांनी एकच विचारलं, बाळाला कोण सांभाळणार आणि नाइट जमेल का. तिची सासू पुण्यात येणार होती, तसं तिने सांगितलं. मुलाखत झाली. ऑफर लेटर मिळालं, पण रुजू होणं महाराष्ट्राची नोंदणी हातात आल्यावरच, असं त्यात लिहिलेलं होतं. ती आता नोंदणीची वाट पाहते आहे आणि हॉस्पिटलने तिच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.