नागीण गेली पण आग राहिली, आणि लसीचं काय

प्रश्न: आईला (६८, शुगर आहे) दीड महिन्यापूर्वी नागीण झाली, डाव्या बाजूला छातीखाली. फोड सुकले, खपल्या पण पडल्या, पण आग तशीच आहे, ब्लाउजचा कपडा लागू देत नाही. डॉक्टर म्हणतात लहानपणच्या कांजिण्यांमुळे झालं. ६० वर्षांनी कसं काय? आणि बाबा ७२, मी ४१, आम्ही लस घ्यावी का? फार महाग आहे म्हणून विचारतेय.

उत्तर:

मी तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर आहे, नागिणीचे पेशंट वर्षाला पाच-पंचवीस तरी बघतो, पण हा आजार मला नीट कळला तो आमच्या अण्णांना झाला तेव्हा. २०२१ ची गोष्ट, अण्णा तेव्हा ७३ चे. एका सोमवारी रात्री उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, पाठीतून पुढे पोटाकडे चमक यायची. मला वाटलं पित्ताशयात खडा असेल, सोनोग्राफी केली, नॉर्मल. ईसीजी काढला, तोही नॉर्मल. कातडीवर तेव्हा काहीच नव्हतं ना, त्यामुळे मीपण फसलो. बुधवारी मी एका लग्नाला परगावी गेलो आणि गुरुवारी यांच्या पाठीवर लाल पुरळ उठलं. शेजारचे काका म्हणाले ही नागीण, हिला डॉक्टरचं औषध चालत नाही, आणि घेऊन गेले नागीण उतरवणाऱ्याकडे. त्याने मंत्र म्हटला, गेरूचा लेप लावला, आंबट खाऊ नका म्हणाला. मला फोनवर कोणी काही बोललं नाही, उगाच कशाला त्याला टेन्शन म्हणून. सोमवारी परत आलो तर पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत पट्टा, वरून गेरू वाळलेला, खाली फोड फुटून पिकलेले. म्हणजे पुरळ उठून पाचवा दिवस. हा पाचवा दिवस का महत्त्वाचा ते पुढे येईलच.

आधी तुमचं ६० वर्षांचं कोडं. कांजिण्या बऱ्या होतात म्हणजे अंगावरच्या जातात, त्यांचा विषाणू शरीरातून जातच नाही. कांजिण्या असताना तो कातडीतून संवेदनेच्या नसांमध्ये शिरतो आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना या नसांच्या मुळाशी ज्या गाठी असतात (चेहऱ्याच्या नसांच्या कवटीत असतात) तिथे जाऊन गप्प बसतो. मरत नाही, वाढतही नाही. त्याला तिथे दाबून ठेवायचं काम आपल्या पांढऱ्या पेशी करतात, आणि वय वाढलं की नेमकी या विषाणूपुरती त्यांची पकड ढिली होत जाते. शुगर, कॅन्सरची औषधं, जास्त दिवस चाललेले स्टेरॉइड, यानेही होते. मग एखाद्या गाठीतला विषाणू उठतो, वाढतो आणि त्याच नसेतून उलटा कातडीकडे यायला लागतो. वाटेत नस सुजवत येतो म्हणून दुखणं आधी आणि फोड दोन-चार दिवसांनी. अण्णांची सोनोग्राफी मी केली ती याच दोन-चार दिवसांत.

प्रत्येक गाठीची नस शरीराच्या एकाच बाजूच्या एका पट्ट्यापुरती असते, म्हणून नागीण पट्ट्यासारखी दिसते आणि मध्यरेषेला येऊन थांबते. आपल्याकडे जे म्हणतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ते जुळतच नाही कारण दुसऱ्या बाजूची नस वेगळी, तिची गाठ वेगळी. उतरवणाऱ्याचं फावतं ते यामुळेच. नागीण अर्ध्यावर थांबणारच असते आणि दोन-चार आठवड्यांत खपल्याही पडणारच असतात, श्रेय मात्र मंत्राला मिळतं. हां, प्रतिकारशक्ती अगदीच खचलेल्या माणसाला कधी कधी अंगभर फोड येतात, तो प्रकार खरंच जीवावरचा असतो आणि त्याला लगेच ॲडमिट करावं लागतं, पण त्याचा तोंड-शेपटीशी संबंध नाही.

आता आग का राहते. कातडी भरून येते पण नस नाही भरत, निदान लवकर तरी नाही. विषाणू गाठीत वाढला तेव्हा तिथल्या काही पेशी मेल्या, नसेचे धागे कातडीजवळ विरळ झाले, आणि जे उरले ते विनाकारण सिग्नल पाठवत बसतात, तुटक्या वायरीतून ठिणग्या उडाव्यात तसे. त्याहून वाईट म्हणजे आठवडेच्या आठवडे वेदना येत राहिली की मज्जारज्जूत जिथे हे सिग्नल पोचतात ती जागाच हळवी होऊन बसते. मग स्पर्शाचा साधा निरोपसुद्धा वेदना म्हणून वाचला जातो. तुमच्या आईला ब्लाउज सहन होत नाही ते हेच. अण्णांना बनियन चालायचं नाही, पंख्याचा वारा लागला तरी कळवळायचे, पण गंमत म्हणजे त्याच जागी तळहात घट्ट दाबून धरला तर बरं वाटायचं. घरच्यांना वाटायचं नाटक आहे. तर आईच्या बाबतीत कोणी असं म्हणत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर त्याला आम्ही नागिणीनंतरचं नसेचं दुखणं असं वेगळं नाव देतो. आईला दीड महिनाच झालाय, म्हणजे अजून आपोआप कमी व्हायला वाव आहे. पण वय साठीच्या पुढे आणि सुरुवातीलाच दुखणं खूप असेल तर ते लांबायची शक्यता जास्त, म्हणून वाट बघत बसू नका. साध्या पेनकिलरने हे दुखणं हटत नाही, आणि शुगरवाल्या माणसाला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून रोज देणं म्हणजे किडनीशी खेळ. इथे नसेचा आरडाओरडा कमी करणारी औषधं लागतात, प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, किंवा रात्री अगदी छोट्या डोसमध्ये ॲमिट्रिप्टिलिन. अण्णांना मी रात्री ७५ चं प्रेगाबॅलिन सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमला जाताना भिंत धरून उभे, चक्कर. कमी करून परत हळूहळू वाढवावं लागलं. त्यामुळे आईचं क्रिएटिनिन बघून, कमी डोसपासून चढवत न्यायला तुमच्या डॉक्टरांना सांगा, दोन-तीन आठवडे गेल्याशिवाय फरक पडत नाही म्हणू नका आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद तर अजिबात करू नका. दुखऱ्या जागी लिडोकेनचा पॅच लावता येतो, जखम पूर्ण भरलेली असली तरच. सैल, मऊ, धुऊन धुऊन जुना झालेला सुती कपडा बरा. पूर्ण दुखणं जाईल असं वचन कोणी देत असेल तर जरा लांबच राहा, ५०-६० टक्के कमी झालं आणि रात्री झोप लागली तरी आम्ही ते यश मानतो. अण्णांना साडेआठ महिने लागले.

आता तो पाचवा दिवस. विषाणू मारायची गोळी, ॲसायक्लोव्हिर ८०० दिवसातून पाच वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १००० तीन वेळा, सात दिवस (किडनी कमजोर असेल तर डोस कमी), पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर चांगली. विषाणू नसेत वाढतोय तोवरच तिचा उपयोग, त्यामुळे फोड लवकर सुकतात, सुरुवातीचं दुखणं कमी होतं. अण्णांना नवीन फोड येतच होते म्हणून मी पाचव्या दिवशीही दिली, पण उशीर तो उशीर. आणि खरं सांगायचं तर वेळेवर दिली तरी पुढचं लांबणारं दुखणं ती हमखास टाळते असं नाही. स्टेरॉइडनेही ते टळत नाही. एकदा नस दुखावली की आमच्या हातात फार काही उरत नाही, आणि लसीचा मुद्दा खरा इथेच येतो, फोड टाळायला कोण कशाला एवढे पैसे घालेल.

भारतात सध्या जी लस बहुतेक ठिकाणी देतात ती शिंग्रिक्स, २०२३ मध्ये आली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या कवचावरचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारा एक पदार्थ असतो. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, दंडात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या साधारण १५ हजार लोकांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना खोटं इंजेक्शन दिलं, सरासरी तीन वर्षांत लसवाल्यांत ६ जणांना नागीण झाली आणि दुसऱ्या गटात २१० जणांना. सत्तरीपुढच्यांच्या वेगळ्या चाचणीतही ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं, आणि नागीणच झाली नाही तर मागचं दुखणंही नाही. दहा वर्षांनंतरही बराचसा परिणाम टिकलेला दिसलाय.

तर तुमच्या घरापुरतं. बाबा ७२, त्यांना घ्या, पैसे एकाचेच असतील तर त्यांचेच. एका डोसला दहा हजारांच्या आसपास पडतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळत नाही, आणि पहिला डोस घेऊन दुसरा टाळायचा असेल तर मी म्हणेन घेऊच नका. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का हे आठवत बसायची किंवा रक्त तपासायची गरज नाही, त्या पिढीत जवळजवळ सगळ्यांना होऊन गेलेल्या असतात. आईला आत्ता नाही. लस म्हणजे उपचार नाही, चालू असलेली आग तिने कमी होणार नाही. पण नागीण परत होऊ शकते, शुगरही आहे, त्यामुळे हे सगळं शांत झालं की काही महिन्यांनी तिलाही द्या. तुम्ही ४१, तब्येत ठीक असेल तर पन्नाशीपर्यंत थांबायला हरकत नाही. अपवाद म्हणजे संधिवात किंवा सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, केमो, किडनी ट्रान्सप्लांट, एचआयव्ही, अशांना १८ पासूनच देतात, आणि जमलं तर ते औषध सुरू व्हायच्या आधी.

त्रास होतो, ते लपवत नाही. दंड चांगला दुखतो, एक-दोन दिवस अंग मोडून येतं, ताप येतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घरात कार्य वगैरे असेल तर त्या आठवड्यात घेऊ नका. गिया बारे नावाचा नसांचा अशक्तपणा फार क्वचित, लाखो डोसांत काही जणांना झाल्याचं नोंदलंय, बाबांना पूर्वी तो होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण प्रत्येक घरात भांडण याच्यावरून होतं: आईची नागीण तुम्हाला नागीण म्हणून लागत नाही. ओल्या फोडांतून कांजिण्या लागू शकतात, तेही ज्याला त्या कधी झाल्या नाहीत आणि लसही नाही अशाला, म्हणून तेव्हा गरोदर बाई आणि तान्ही बाळं लांब ठेवायची. आता खपल्या पडून गेल्यात, नातवंडांना खुशाल मांडीवर बसवा, फक्त डाव्या बाजूला नको.

आणि बाबांचं लसीचं ठरेपर्यंत एक ध्यानात ठेवा, कपाळावर किंवा डोळ्याजवळ, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कारण नाकाच्या शेंड्याला आणि बुबुळाला जाणारी नस एकच असते. अण्णांनी २०२३ मध्ये दोन्ही डोस घेतले, दंड दुखतोय म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण दुसऱ्या डोसाची तारीख कॅलेंडरवर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती.