आमच्या छोट्या संस्थेची पोस्टर आम्ही तीन-चार जण फुकटच्या टूलमध्ये बनवतो. दर वेळी फॉन्ट, रंग, लोगो वेगळाच दिसतो. पैसे न भरता सारखेपणा कसा ठेवायचा? कोणतं टूल चांगलं?

टूलचं शेवटी सांगते, कारण आमचं घोडं टूलवर अडलेलंच नव्हतं.

मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. दर उन्हाळ्यात आमची पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. काही वर्षांपूर्वी पाच व्याख्यानांची पोस्टर चौघांनी वाटून घेतली आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर कॅनव्हात केली. तिसऱ्या दिवशी एक जुने वाचक मला विचारतात, "ताई, गावात दुसरी पण व्याख्यानमाला सुरू झाली का?" त्यांना पहिलं पोस्टर आमचं वाटलं होतं आणि तिसरं दुसऱ्या कोणाचं तरी.

मला राग आला, पण चूक त्यांची नव्हती. त्या रात्री मी वर्षभरातली सगळी पोस्टर छापून घेतली आणि वाचनकक्षाच्या लांब टेबलावर ओळीने मांडली. अकरा पोस्टर आणि मरून रंगाच्या पाच छटा! आमच्या लोगोत उघड्या पुस्तकावर समई आहे. एका पोस्टरवर ती कुतुबमिनार झाली होती. दुसऱ्यावर इतकी बसकी, की ज्योतीचा कांदा झाला होता. तिसऱ्यावर लोगोभोवती मळकट पांढरा चौकोन होता, जसा कापलेल्या स्टिकरचा असतो.

यातली प्रत्येक गोष्ट का झाली ते शोधून काढायला मला दोन रविवार लागले. ते सांगते, कारण तुमच्याकडेही हेच होत असणार.

रंगाचं असं झालं, की मूळ मरून कोणता हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. पहिल्याने लेटरहेडचा ट्यूबलाइटखाली फोटो काढून त्यातून ड्रॉपरने रंग उचलला. दुसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पहिल्याच्या पोस्टरवरून उचलला, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात रंगाचे बारकावे आधी जातात आणि अक्षराच्या कडेला मरून आणि मागचा क्रीम एकमेकांत मिसळतात. ड्रॉपर नेमका त्या कडेवर पडला, की तिसराच रंग हातात येतो. एकाच पोस्टरवर चार ठिकाणी ड्रॉपर टेकवून बघा, चार वेगळे आकडे मिळतील. म्हणून माझा नियम: रंग चित्रातून उचलायचा नाही, आकडा टाइप करायचा. आमचे आहेत #7A1F2B मरून, #E0A030 मोहरी आणि #FFF6E5 क्रीम. तीनच. मोहरी रंगात क्रीमवर अक्षरं लिहायची नाहीत, दिसत नाहीत. मरूनवर मोहरी चालते, तीही मोठ्या अक्षरांतच. व्हॉट्सअ‍ॅपवर बारीक रंगीत अक्षरं फिसकटतात.

लोगोचं कारण तर हास्यास्पद होतं. मूळ फाइल कोणाकडेच नव्हती. जो तो जुन्या पोस्टरचा स्क्रीनशॉट कापून वापरत होता. जागेत बसेना म्हणून कोणी कॅनव्हा सोडून दुसऱ्या ॲपमध्ये बाजूचा ठोकळा ओढायचा, म्हणजे समई लांबणार किंवा आखडणार. (कोपऱ्याचा ठोकळा ओढतात, बाजूचा नाही, हे मी आजही दर वर्षी कोणाला तरी सांगते.) शेवटी मी इंकस्केप नावाचं चित्र रेखायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, ते फुकट आहे. जुन्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरचा लोगो स्कॅन केला आणि पेन टूलने समई पुन्हा रेखली. ट्रेसचं आयतं बटण असतं, पण त्याने ज्योतीच्या कडा कुरतडल्यासारख्या आल्या. संस्थेचं नाव टाइप करून Path → Object to Path केलं. असं केल्यावर अक्षरं आकार होतात, मग समोरच्याकडे तो फॉन्ट असो वा नसो. त्यातून पारदर्शक पार्श्वभूमीची 2000 पिक्सेल रुंद PNG काढली. एक मरून, एक क्रीम, गडद पार्श्वभूमीसाठी. बस, लोगो एवढाच.

आता फॉन्ट. इथे मराठी माणसाला जो धोका आहे तो इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. तयार टेम्प्लेट उघडता, त्यात मॉन्सेरात नावाचा फॉन्ट असतो, तुम्ही त्यावर मराठी टाइप करता, मराठी दिसतं. तुम्हाला वाटतं मराठी मॉन्सेरातमध्ये आलं. आलेलं नसतं. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. टूल गुपचूप दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टमधून अक्षरं उसनी आणतं आणि वर नाव मॉन्सेरातचंच राहतं. आमच्या चौघांच्या पोस्टरवर एकच नाव होतं आणि अक्षरं तीन प्रकारची. ओळखायचं कसं? शब्द निवडून फॉन्ट दोन-तीनदा बदला. इंग्रजी अक्षरं बदलली आणि मराठी ढिम्म, तर मराठी उसनं आहे.

दुसरं, टेम्प्लेटच्या मथळ्यात इंग्रजीच्या शोभेसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करायचं, आणि ओळींमधलं मात्र थोडं वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

फॉन्ट निवडताना त्यात "वऱ्हाड, ॲड., श्रद्धा, ज्ञान, वाङ्मय" एवढं टाइप करून बघा. त्या वर्षी आमचे एक वक्ते वकील होते आणि पोस्टरवर त्यांच्या नावामागचा ॲ वेगळ्याच जाडीचा, जणू कोणी नंतर चिकटवलेला. फॉन्टमध्ये ते अक्षर नव्हतं, एवढंच. आम्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता घेतला. फुकट आहे, सात जाड्या आहेत, म्हणजे मथळा, नाव, तारीख सगळं एकाच घरातलं. दुसरा फॉन्ट घेतलाच नाही.

इथे नानांचा विषय काढणं भाग आहे. नाना आमचे तेव्हाचे कार्यवाह, वयाने मोठे, वाचनालयासाठी झिजलेले. हे सगळं मी बैठकीत मांडलं तर म्हणाले, "प्रत्येक पोस्टर सारखंच? लोक बघणार कशाला? काहीतरी नावीन्य पाहिजे." आणि "लोगो जरा मोठा करा" हे तर दर वेळी. मी म्हटलं, नाना, नावीन्य वक्त्यात असू द्या, कोपऱ्यात नको. रस्त्यावरून सायकलवर जाणाऱ्याला लांबूनच कळलं पाहिजे, की हे आपल्या वाचनालयाचं. मग तो थांबून विषय वाचेल. ते काही पटलं नाही त्यांना. मला आजही वाटतं, की छोट्या संस्थांची पोस्टर बिघडतात ती टूलमुळे नाही, "काहीतरी वेगळं करा" म्हणणाऱ्या एका ज्येष्ठामुळे.

म्हणून मी असं टूल शोधलं, की ज्यात नानांना आणि पोरांना हात लावायला जागाच कमी. हसू नका, गूगल स्लाइड्स. File → Page setup मध्ये Custom घेऊन 1080 × 1350 पिक्सेल पान केलं. मग View → Theme builder. तिथे Colors मध्ये आमचे तीन आकडे भरले. लोगो, खालची मरून पट्टी, पत्ता हे सगळं तिथल्या मूळ पानावर ठेवलं आणि मथळा, वक्ता, दिनांक-वेळ यांचे चौकोन मुक्तामध्ये आखले. मुक्ता More fonts मध्ये लिपी देवनागरी निवडली की सापडतो. आता पोस्टर करणारा नवीन स्लाइड घेतो आणि चौकोनात मजकूर भरतो. लोगोवर कितीही बोट दाबलं तरी तो निवडलाच जात नाही, कारण तो त्या स्लाइडवर नाहीच, मूळ पानावर आहे. कॅनव्हातही वस्तूला कुलूप लावता येतं, पण ज्याच्या हातात फाइल त्याच्या हातात किल्ली. स्लाइड्समध्येही मूळ पान उघडता येतंच म्हणा, पण चुकून उघडत नाही.

एक फट राहते. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून आणलेला मजकूर साधा पेस्ट केला, की कधीकधी आपला फॉन्ट आणि रंग घेऊनच येतो. Ctrl+Shift+V वापरायचं, म्हणजे नुसता मजकूर येतो. ही एक चिठ्ठी मी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर चिकटवली आहे. तयार झालं की File → Download मधून PNG काढायची आणि शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची.

तर तुमचा प्रश्न, कोणतं टूल. कॅनव्हा वाईट नाही. फोटोंशी खेळायचं असेल, सणावाराची शुभेच्छापत्रं करायची असतील तर तेच सोपं. फक्त त्यात एक मूळ फाइल करा आणि दर वेळी तिची प्रत काढा, नवीन टेम्प्लेट उघडू नका. प्रतीत वापरलेले रंग पॅनलमध्ये आपोआप समोर येतात, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या ब्रँड किटचं निम्मं काम होतं. स्वतःचा फॉन्ट चढवणं आणि पारदर्शक PNG काढणं मात्र फुकटच्या खात्यात होत नाही, म्हणून लोगो इंकस्केपमधून काढा म्हटलं.

स्लाइड्सच्या मर्यादाही सांगते, नाहीतर शिव्या द्याल. इंकस्केपची मूळ SVG फाइल त्यात चढत नाही, वक्त्याच्या फोटोची पार्श्वभूमी दुसरीकडे कापावी लागते, आणि 1080 पिक्सेलची PNG फ्लेक्ससाठी पाठवू नका. छापायला PDF द्या. आमच्या छपाईवाल्याने एकदा PDF उघडायचा कंटाळा केला आणि सगळा मजकूर स्वतःच्या जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला, वक्त्याच्या आडनावातला ळ चा ल झाला. तेव्हापासून "टाइप करू नका, आहे तसं छापा" असं फाइलच्या नावातच लिहून पाठवते. शिवाय पडद्यावरचा मरून फ्लेक्सवर थोडा काळपट येतोच, त्यावर उपाय नाही. हातभर तुकडा आधी छापून बघा.

नानांचं राहिलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा म्हणाले, यंदा तरी बदला. मी Theme builder उघडून मोहरीच्या जागी गडद हिरवा भरला, पट्टीपासून चौकटीपर्यंत सगळ्या स्लाइड एका दमात बदलल्या, बाकी एक रेघ हलवली नाही. नानांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बघ, आता कसं नवीन वाटतंय. मी सांगत नव्हतो?"