प्रमाणपत्रं दाखवू की झाकून ठेवू?

ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. चार उन्हाळे झाले, घरीच कांदा-लसूण मसाला करून विकते. यंदा तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात माझ्या मसाल्याला पहिला नंबर मिळाला आणि त्याच महिन्यात एकूण विक्री हजार किलो झाली. मी स्टेटसला प्रशस्तिपत्र, अन्न नोंदणीचा कागद, लॅबचा रिपोर्ट आणि एका महिला सन्मान सोहळ्यातला फोटो असं सगळं ओळीने टाकलं. वर लिहिलं, "१००० किलोचा टप्पा पार! पुरस्कारप्राप्त, सरकारमान्य, सर्वांच्या आवडीचा मसाला." दुसऱ्या दिवशी जाऊबाई गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "पैसे भरले की मिळतात हल्ली पुरस्कार." आणि त्या सन्मानासाठी मी खरंच ४,००० रुपये भरले होते. तेव्हापासून काही टाकायला हात धजत नाही. पण पुण्याचा एक दुकानदार म्हणतोय, "तुमची माहिती पाठवा." काय सांगू आणि काय झाकू?

— मसालेवाली

मसालेवाली ताई,

जाऊबाईंचं बोलणं झोंबलं असणार, आणि झोंबण्याचं कारणही तुम्हीच लिहिलंय. चार कागदांतला एक कच्चा होता आणि तो बाकीच्या तिघांच्या रांगेत उभा होता. त्यामुळे त्या एका कागदावरचा संशय कष्टाने मिळवलेल्या पहिल्या नंबरावरही सांडला. म्हणून सगळंच झाकायची गरज नाही. चारही कागद एकेक करून हातात घ्या आणि प्रत्येकाला विचारा, तू नक्की काय सिद्ध करतोस?

अन्न नोंदणीपासून सुरू करू. एफएसएसएआयची नोंदणी म्हणजे बक्षीस नव्हे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाने ती किंवा मोठा परवाना घ्यायचाच असतो. मसाला चांगला आहे असं त्या कागदावर कुणीही म्हटलेलं नाही, त्यामुळे 'सरकारमान्य' हा शब्द आधी काढून टाका. जाणकार गिऱ्हाईक तो वाचून मनात म्हणतं, हे तर सगळ्यांकडेच असतं, आणि पुढचं खरं वाक्यसुद्धा मग सैल वाटायला लागतं. या नोंदणीची जागा लेबलवर आहे. चौदा आकडी क्रमांक स्पष्ट छापा. तुमची साधी नोंदणी असेल तर तो २ ने सुरू होतो, परवाना असेल तर १ ने. ज्याला शंका असेल तो foscos.fssai.gov.in वर क्रमांक टाकून स्वतः बघेल. ज्याला हवं त्याला तपासता येतं, एवढ्याने काम होतं.

लॅबच्या रिपोर्टचं थोडं वेगळं आहे. तो तुमच्याकडचा सगळ्यात कामाचा कागद आहे, पण तो फक्त तुम्ही दिलेल्या नमुन्यापुरता बोलतो. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात बहुधा तसं लिहिलेलंही असतं. मार्चमध्ये कुटलेल्या लॉटचा नमुना दिला असेल, तर मे महिन्यातल्या मसाल्याबद्दल तो काही सांगत नाही, कारण मिरचीचं पोतं बदललेलं असतं. म्हणून 'लॅब टेस्टेड मसाला' असं लिहू नका. लिहा: "मार्चच्या लॉटचा नमुना तपासून घेतला. तिखटात बाहेरचा रंग आढळला नाही. रिपोर्ट मागितल्यास पाठवते." अर्थात, तुमच्या रिपोर्टमध्ये रंगाची तपासणी खरंच असेल तरच. कित्येकदा तपासलेली असते ओल आणि राख, आणि लिहिणारी लिहिते 'भेसळमुक्त'. मिरचीत सुदान रंगाची भेसळ होते हे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने ऐकलेलं असतं. त्याच्या मनात प्रश्न असतो तो हाच. त्याला तेवढंच नेमकं उत्तर मिळालं तर ते बढाई वाटत नाही.

आता पहिला नंबर. तो तुमचा आहे, तो सांगा. फक्त 'पुरस्कारप्राप्त' या एका शब्दात तो बुडवू नका, कारण तो शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. कुणी दिला, कोणत्या साली, किती जणींमध्ये आणि परीक्षकांनी काय बघितलं, एवढं आलं की वाक्य आपोआप जमिनीवर येतं. समजा २२ जणी होत्या, तर २२ लिहा. सहाच असतील तर सहा लिहा. सहा वाचून कुणी हसेल असं तुम्हाला वाटेल, पण मी उलटंच पाहिलंय. ज्या बाईने सहा म्हणून सांगितलं, तिच्या बाकीच्या आकड्यांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही हेच तत्त्व आहे. दावा बाहेरच्या कुणाच्या पाहणीवर किंवा मूल्यमापनावर उभा असेल, तर त्याचा स्रोत आणि तारीख द्यावी. मोठ्या कंपन्यांकडून जे अपेक्षित आहे ते आपल्या स्टेटसला जड नाही.

राहिला चार हजारांचा सन्मान. पैसे भरले एवढ्यानेच तो खोटा ठरत नाही. चांगल्या स्पर्धाही प्रवेश शुल्क घेतात. फरक पैसे कधी मागितले यात असतो. सगळ्यांकडून आधी शुल्क घेतलं, मग परीक्षण झालं आणि बऱ्याच जणी हरल्या, तर ती स्पर्धा. 'तुमची निवड झाली आहे' असा फोन आधी आला आणि मग नोंदणी, स्मृतिचिन्ह, जेवण अशा नावाखाली रक्कम मागितली, परीक्षक कोण ते कळलं नाही, आणि हॉलमधल्या प्रत्येकीच्या हातात ट्रॉफी होती, तर तुम्ही एका कार्यक्रमाचं तिकीट घेतलं होतं. तुमचं या दुसऱ्या प्रकारातलं असेल तर तो फोटो काढून टाका, गाजावाजा न करता. त्या संस्थेबद्दल चार लोकांत बोलायचीही गरज नाही. कुणी थेट विचारलंच तर सांगा, "हो, पैसे भरले होते, म्हणून आता तो दाखवत नाही." जाऊबाईंनाही हेच उत्तर. ते ऐकल्यावर त्यांच्याकडे म्हणायला फारसं उरणार नाही.

हजार किलोचं मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तिथे तुमच्या हातात सोनं आहे आणि तुम्ही दाखवताय पितळ. हजार किलो म्हणजे चार उन्हाळ्यांत वर्षाला सरासरी अडीचशे किलो. वर्षाचा मसाला एकदम भरणाऱ्या घराला दोन-तीन किलो सहज लागतो, म्हणजे ही साधारण शंभर घरं झाली. आकडा वाईट अजिबात नाही. पण विकत घेणाऱ्याला त्यातून काय कळतं? तुम्ही खूप कुटलं, एवढंच. त्याला जाणून घ्यायचं असतं की एकदा घेतलेली बाई पुन्हा आली का. कांदा-लसूण मसाला वर्षभर डब्यात राहतो. त्याचा रंग उतरला, खवट वास आला, तिखट कमी पडलं, तर पुढच्या उन्हाळ्यात ती दुसरीकडे जाते. परत येणारं घर हीच या धंद्यातली खरी परीक्षा.

हा आकडा तुमच्या वहीतच आहे. गेल्या उन्हाळ्यात ज्या घरांनी मसाला नेला ती सगळी नावं एका पानावर लिहा. यंदा पहिल्यांदा आलेली घरं त्यात धरू नका, त्यांना परत यायला अजून वेळच मिळालेला नाही. मग त्या पानावर यंदा पुन्हा आलेल्यांसमोर खूण करा. समजा ८६ नावं निघाली आणि ५९ खुणा झाल्या. इथे थांबू नका. नात्यातली नावं खोडा, कारण मावशी आणि नणंद चवीसाठी येतात की तुमच्यासाठी, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. त्या १४ निघाल्या आणि त्यांतल्या १३ जणी परत आल्या होत्या, तर उरली ७२ घरं आणि ४६ खुणा. आकडा थोडा उतरला, पण आता तो कुणाही परक्यासमोर ठेवता येतो. 'चौसष्ट टक्के समाधानी ग्राहक' असं त्याचं रूपांतर मात्र करू नका. ७२ पैकी ४६ असंच लिहा. एवढ्या लहान संख्येला टक्के लावले की ती फुगवल्यासारखी दिसते, आणि पुन्हा येणं व समाधानी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उरलेल्या २६ घरांपैकी पाच-सहा जणींना फोन करा, विकायला नाही, फक्त विचारायला. कुणाची बदली झालेली असेल, कुणाकडे गेल्या वर्षीचाच मसाला उरला असेल. तीन जणींनी 'खोबरं लवकर खवट झालं' असं सांगितलं, तर लॅबच्या रिपोर्टपेक्षा मोठी माहिती मिळाली म्हणा.

नम्रपणाबद्दल एक गोष्ट. 'आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने', 'खारीचा वाटा', 'मी काहीच नाही' असल्या वाक्यांनी नम्रता येत नाही. चार ओळी स्वतःला लहान म्हणून पाचव्या ओळीत ट्रॉफी दाखवली, की लोकांना पाचवीच दिसते. त्यापेक्षा ज्यांचा हात लागला त्यांचं काम सांगा: मिरच्यांची देठं खुडणाऱ्या दोघी कोण, डंकावर कुणी कुटून दिलं. आणि एका दिवशी एकच गोष्ट टाका.

तुमचं ते स्टेटस आता असं होईल: "तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात २२ मसाल्यांत आपल्या मसाल्याला यंदा पहिला नंबर मिळाला. परीक्षकांनी रंग, वास आणि चव बघितली. मिरची निवडणाऱ्या दोघींचा यात माझ्याइतकाच वाटा आहे. एप्रिलचा लॉट रविवारी कुटणार आहे." यात २२ च्या जागी तुमचा खरा आकडा घाला, आणि परीक्षकांनी काय बघितलं ते आयोजकांना विचारून घ्या.

दुकानदाराला स्टेटससारखं काही पाठवू नका. त्याला तुमचं कौतुक करायचं नाही, फळीवर माल ठेवायचा आहे, आणि त्याच्या शंका वेगळ्या आहेत. त्याला असं लिहा: "कांदा-लसूण मसाला, २५० ग्रॅम आणि १ किलो. अन्न नोंदणी क्रमांक लेबलवर आहे. आठवड्याला ३० किलोपर्यंत देऊ शकते, त्याहून जास्त नाही. गेल्या वर्षीच्या ७२ घरांपैकी (नातेवाईक सोडून) ४६ घरांनी यंदा पुन्हा घेतला. मार्चच्या लॉटचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. यंदा तालुका कृषी प्रदर्शनात पहिला क्रमांक." आकडे तुमचे घाला. पुरस्कार शेवटी ठेवलाय तो लपवायला नव्हे. वरचं सगळं वाचल्यावर तो वाचला की 'असणारच' असं वाटतं. आणि 'त्याहून जास्त नाही' हे वाक्य गाळू नका. बाकी आकडेही खरे असतील, हे दुकानदाराला त्याच्यावरूनच कळेल.

नमुन्याची पाकिटं पाठवाल तेव्हा ती रिपोर्ट असलेल्या मार्चच्या लॉटमधलीच भरा, आणि पाकिटावर लॉटची तारीख हाताने का होईना, लिहा.

— तुमची ताई