चौकोन मोजून काढलेला चढ

“समीकरणावरून रेषा मी बरोबर काढते, बिंदूही चुकत नाहीत. पण त्याच आलेखावरून चढ आणि आंतरखंड वाचायला सांगितले की माझे उत्तर समीकरणाशी जुळत नाही. मॅडम, माझे नेमके काय चुकते?”

दहावी पार करून अकरावी विज्ञानात आलेली मुले हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा सोबतच्या पालकांनी बहुधा निदान आधीच केलेले असते: मुलाला गणिताची भीती बसली आहे. मी ते निदान लगेच स्वीकारत नाही. वही उघडून पाहिल्याशिवाय भीतीबद्दल बोलायचे नाही, हा माझा जुना नियम आहे, कारण सतत एकाच प्रकारे होणाऱ्या चुकीच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती नसते, तर कधीकाळी अगदी बरोबर असलेला एखादा नियम असतो. पुढे सांगते आहे ती मुलगी पाच-सहा वेळा भेटली. त्या भेटींतले मोजकेच प्रसंग येथे दिले आहेत आणि तिची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पहिल्या दिवशी मी तिला ३x + २y = १२ या समीकरणाचा आलेख काढायला सांगितला. तिने x च्या किमती ०, २ आणि ४ घेतल्या. याच का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “विषम किंमत घेतली तर y अपूर्णांकात येतो, मग बिंदू मांडताना हात चुकतो.” उत्तर चोख होते. (०, ६), (२, ३) आणि (४, ०) हे बिंदू तिने टोकदार पेन्सिलीने मांडले. रेषेसाठी दोन बिंदू पुरतात आणि तिसरा साक्षीदार असतो, हेही तिला ठाऊक होते: तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला तर आकडेमोड किंवा मांडणी यांपैकी एक चुकलेले असते. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तिने प्रमाण लिहिले. X-अक्षावर १ सेंमी = १ एकक, Y-अक्षावर १ सेंमी = २ एकक. समीकरण y = −(३/२)x + ६ असे मांडून तिने चढ −३/२ आणि Y-आंतरखंड ६ असल्याचेही सांगितले. काही मुले येथेच घसरतात. y एकटा करण्यापूर्वीच सहगुणकांवर बोट ठेवून ती चढ ३ आणि आंतरखंड १२ असे सांगून मोकळी होतात. हिचे तसे नव्हते.

मग मी समीकरणावर तळहात ठेवला आणि म्हटले, “आता फक्त रेषेकडे बघून सांग.”

तिने पेन्सिलीचे टोक Y-अक्षावर टेकवले. “आंतरखंड ६.” मग ती चौकोन मोजू लागली. “तीन चौकोन खाली, चार चौकोन उजवीकडे. चढ तीन छेद चार.”

मी हात उचलला. ती समीकरणाकडे आणि स्वतःच्या उत्तराकडे आळीपाळीने पाहू लागली आणि तिचा चेहरा पडला. त्या दिवशी मी तिला काहीच समजावले नाही, आणि आजही तो निर्णय मला योग्य वाटतो. तिची चूक मला दिसली होती, पण तिच्या उत्तरातली एक गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. आंतरखंड बरोबर आला होता आणि चढ चुकला होता. रेषा तीच, कागद तोच, प्रमाण तेच, मग एक उत्तर बरोबर आणि दुसरे चूक का?

रात्री ती वही पुन्हा चाळताना ते लक्षात आले. आंतरखंड सांगताना तिने अक्षावर लिहिलेला आकडा वाचला होता. चढ काढताना मात्र तिने आकड्यांकडे पाहिलेच नव्हते, कागदावरचे चौकोन मोजले होते. एकाच आलेखाकडे ती दोन वेगळ्या नजरांनी पाहत होती. तिच्या दहावीच्या वहीतील आलेखांत दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक असेच प्रमाण होते. तेथे चौकोन आणि एकक एकच असतात, त्यामुळे चौकोन मोजून काढलेले उत्तर दरवेळी बरोबर येते. तिचा नियम चुकीचा नव्हता, तो फक्त सारख्या प्रमाणाच्या कागदापुरता खरा होता. वजाचे चिन्हही त्याच सवयीत हरवले होते. पुढच्या भेटीत मी चिन्हाबद्दल विचारले, तेव्हा ती सहज म्हणाली, “मॅडम, चौकोन मोजल्यावर वजा कुठून येणार?” लांबी ऋण नसते, हे तिचे म्हणणे खरेच होते.

त्या भेटीत मी तिच्यासमोर तीन कोरे आलेख कागद ठेवले आणि तेच समीकरण तिन्हींवर काढायला सांगितले. पहिल्यावर दोन्ही अक्षांसाठी १ सेंमी = १ एकक. दुसऱ्यावर तिचेच आधीचे प्रमाण. तिसऱ्यावर X-अक्षावर १ सेंमी = २ एकक आणि Y-अक्षावर १ सेंमी = १ एकक. काढून झाल्यावर कागद शेजारी शेजारी मांडले. दुसऱ्यावर रेषा आरामात उतरत होती, पहिल्यावर बऱ्यापैकी उभी होती आणि तिसऱ्यावर तर जवळजवळ कड्यासारखी कोसळत होती.

“सर्वांत तीव्र चढ कोणत्या रेषेचा?” मी विचारले.

“तिसरीचा.” मग चौकोन मोजून तिने तिन्ही उत्तरे लिहिली: पहिल्या कागदावर ६ छेद ४, म्हणजे दीड, दुसऱ्यावर ३ छेद ४, म्हणजे पाऊण, तिसऱ्यावर ६ छेद २, म्हणजे तीन.

“आणि समीकरणे किती?”

ती बराच वेळ बोलली नाही. समुपदेशनात अशी शांतता भरून काढायचा मोह आवरणे, हे माझ्या मते निम्मे काम आहे. खिडकीबाहेर शेजारच्या सोसायटीचा पंप सुरू झाला आणि बंदही झाला. मग तिने दुसरा कागद ओढून घेतला, तीन चौकोनांवर बोट फिरवले आणि हळूच म्हणाली, “हे तीन चौकोन म्हणजे तीन नाहीत. हे सहा आहेत.” लगेच तिसरा कागद घेतला. “आणि हे आडवे दोन चौकोन म्हणजे चार.” तिन्ही कागदांवर आता ६ छेद ४ असेच येत होते.

“आणि वजा?” मी विचारले.

आता तिने मोजले नाही, वाचले. “y सहावरून शून्यावर आला, म्हणजे वजा सहा. x शून्यावरून चारवर गेला, म्हणजे अधिक चार.” −६/४, म्हणजेच −३/२. कागदावर रेषा किती तिरकी दिसते, हे प्रमाण ठरवते. X एक एककाने वाढल्यावर y कितीने बदलतो, हे समीकरण ठरवते. हे वाक्य मी तिला ऐकवले नाही. तिने ते जवळपास याच शब्दांत मला ऐकवले आणि त्या संध्याकाळी मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते, हे कबूल करते.

मात्र आंतरखंड तिला खरोखर समजला होता, की आकडा वाचण्याच्या सवयीने तो योगायोगाने बरोबर आला होता, हे अजून तपासायचे होते. म्हणून पुढच्या वेळी मी सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा संबंध दिला: y = १.८x + ३२. सेल्सिअस २० ते ४० एवढाच भाग काढायला सांगितला. रोजचे हवामान आणि ताप त्यातच येतात, त्यामुळे शून्यापासून सुरुवात करून कागद वाया घालवण्याचे कारण नव्हते. डाव्या खालच्या कोपऱ्यात तिने X साठी २० आणि Y साठी ६० लिहिले, मग आडवे १ सेंमी = ५ अंश आणि उभे १ सेंमी = १० अंश घेऊन (२०, ६८), (३०, ८६) आणि (४०, १०४) हे बिंदू मांडले. चढ तिने आता बिनचूक वाचला: १०४ वजा ६८ म्हणजे ३६, भागिले २०, म्हणजे १.८.

“आंतरखंड?”

“६८.” रेषा डाव्या उभ्या अक्षाला जेथे भेटत होती तेथला आकडा तिने वाचला होता.

मी विचारले, “बर्फ वितळतो तेव्हा फॅरनहाइटमध्ये किती अंश असतात?”

“३२,” ती म्हणाली आणि थांबली. “पण तो बिंदू तर या कागदावर नाहीच.”

नव्हताच. Y-आंतरखंड म्हणजे x शून्य असताना y ची किंमत. डावीकडची उभी रेघ x = ० वर असेल तरच तिच्यावर आंतरखंड वाचता येतो आणि येथे ती रेघ x = २० वर होती. प्रयोगशाळेतल्या आलेखांत ही चूक मला चढाच्या चुकीहूनही जास्त वेळा दिसते, कारण मोजमापे क्वचितच शून्यापासून सुरू होतात. अशा वेळी कागद वाढवायची गरज नसते, मागे चालत जाता येते. दर अंशाला १.८ याप्रमाणे २० अंश मागे गेल्यास ३६ कमी होतात आणि ६८ मधून ३६ गेले की ३२ उरतात. हा हिशेब तिने स्वतःच केला.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दाखवली, ती प्रॅक्टिकल करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. चढासाठी रेषेवरचे दोन बिंदू निवडताना मुलांना जवळचे बिंदू सोपे वाटतात. येथे उभ्या दिशेने एक मिलिमीटर चुकला तर एका अंशाची चूक होते. दोन बिंदू आडवे एकच सेंटिमीटर दूर असतील तर ९ च्या जागी १० वाचले जातात आणि १० भागिले ५ म्हणजे चढ २ येतो. तेच बिंदू रेषेच्या दोन टोकांना घेतले तर ३६ च्या जागी ३७ येतात आणि चढ १.८५ येतो. चूक तेवढीच, पण उत्तरावरचा तिचा परिणाम चौथाई. शिवाय प्रयोगात सगळे बिंदू रेषेवर पडत नाहीत, म्हणून चढासाठीचे बिंदू तक्त्यातून न उचलता काढलेल्या रेषेवरून घ्यावेत. तक्त्यातले दोनच बिंदू घेतले तर बाकीच्या वाचनांचा विचार करून काढलेली रेषा काढलीच कशाला, असा प्रश्न पडतो.

शेवटच्या भेटीत तिने कॉलेजातल्या एका प्रयोगाचा आलेख आणला होता. मी चष्मा लावून प्रमाण शोधू लागले, तेवढ्यात तिने कागदाच्या डाव्या कडेकडे बोट दाखवले. तेथे उभ्या रेघेच्या पायाशी बारीक अक्षरांत लिहिले होते: “ही x = ० नाही.”